वही, शेत आणि परीक्षा : फवारणी शिकणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याच्या सक्षमतेचा निर्णय



नंदुरबार जिल्ह्यात मिरचीची लागण झाली की फवारणीच्या पंपांचा आवाज सुरू होतो. फुलकिडे, कोळी आणि त्यांच्यामुळे पडणारा बोकड्या यांनी नंदुरबार आणि शहादा भागातील बागायतदारांना वर्षानुवर्षे जेरीस आणले आहे. पूर्वी फवारणी घरचा माणूस किंवा नेहमीचा सालदार करीत असे. आता कौशल्य प्रशिक्षण घेतलेली तरुण मुलेही हे काम करू लागली आहेत. अशा अभ्यासक्रमात काही दिवस वर्ग, काही दिवस केंद्राच्या प्रक्षेत्रावर प्रात्यक्षिक आणि उरलेला काळ प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या शेतावर सराव अशी रचना असते. सरावासाठी मुलगा आपल्या शेतावर येतो, त्याच्या कामाच्या वहीवर आपली सही लागते आणि पुढे प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याला कामावर ठेवणारेही आपणच असतो. म्हणून त्याला 'सक्षम' ठरविण्याचा निर्णय कसा घेतला जातो, हे आपणास माहीत असणे जरूर आहे.

फवारणी हे चूक झाल्यास पुन्हा सुधारता येईल असे काम नव्हे. सन 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला. त्यानंतर हातमोजे, मुखपट्टी, शेतातील उंच वाढलेले पीक आणि औषधांची मनमानी मिश्रणे यांवर पुष्कळ बोलले गेले. तथापि, फवारणी करणाऱ्याला ते काम खरोखर येते की नाही हे कोणी आणि कशावरून ठरवावे, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

तीन पुरावे, तीन वेगळे प्रश्न

मूल्यमापकापुढे साधारणपणे तीन प्रकारचा पुरावा येतो. पहिला पुरावा म्हणजे कामाची वही, जिला पोर्टफोलिओ म्हणतात. तीत सरावाच्या दिवसांच्या नोंदी, छायाचित्रे, पंपाच्या देखभालीचे टिपण आणि शेतकऱ्याच्या सह्या असतात. दुसरा पुरावा निरीक्षणाचा. यात मूल्यमापक स्वतः बांधावर उभा राहून प्रशिक्षणार्थ्याचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतो. तिसरा पुरावा लेखी किंवा तोंडी परीक्षेचा.

या तिन्हींकडे एकाच कामाचे तीन वेगवेगळे गुण म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे आहे. येथेच गफलत होते. वही सांगते की हा मुलगा कोणी पाहत नसताना, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्लॉटवर काय करीत होता. निरीक्षण सांगते की त्याच्या हाताला काम येते की नाही. परीक्षेवरून तो जे करतो ते का करतो आणि परिस्थिती बदलली तर काय करील, हे कळते. विहिरीचे पाणी, जमिनीचा पोत आणि बियाण्याची उगवण हे तीन तपास आपण करतो, परंतु त्यांची बेरीज करून तीनने भागीत नाही. बियाणे उगवत नसेल तर चांगल्या पाण्याने ते भरून निघत नाही. येथेही तसेच आहे.

प्रत्येक पुराव्याला स्वतःची मर्यादा आहे. निरीक्षण एका दिवसाचे असते आणि पाहुणे येणार म्हटले की घर झाडले जातेच. ऑक्टोबरच्या उन्हात एरवी हातमोजे काढून ठेवणारा मुलगाही मूल्यमापक आला की डोक्यापासून पायापर्यंत झाकून उभा राहतो. वहीत लिहिलेले सारे घडलेलेच असेल असे नाही. परीक्षेत उत्तर येते म्हणून हात चालतो असेही नाही. एकाची मर्यादा दुसऱ्याने झाकता यावी म्हणूनच तिन्ही पुरावे घेतले जातात.

आधी निकष, मग पुरावा

निर्णय नीट व्हायचा तर कामाचे निकष प्रथम मांडावे लागतात. फवारणीच्या कामाचे ढोबळमानाने सात निकष धरता येतील : लेबल वाचून योग्य औषध आणि मात्रा निवडणे, अंगावरील संरक्षक साधने आणि वारा पाहणे, पंप व नोझल तपासणे, पंपाचे मोजमाप करून एका टाकीत किती औषध घालायचे ते काढणे, सारख्या चालीने फवारणी करणे, पंप, रिकामे डबे व उरलेले द्रावण यांची विल्हेवाट लावणे, आणि शेवटी नोंद ठेवून तोडणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ शेतकऱ्याला सांगणे.

नंतर एका कागदावर हे सात निकष उभे लिहावेत आणि वही, निरीक्षण, परीक्षा असे तीन आडवे रकाने काढावेत. कोणत्या निकषासाठी कोणता पुरावा लागेल हे प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच ठरवून मुलाला सांगावे. लेबलावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाचा उतरता क्रम दाखवतो, हे परीक्षेत विचारून कळते. नोझल तोंडाने फुंकून साफ न करणे हे मात्र पाहूनच कळते. एकाच औषधाची पुन्हा पुन्हा फवारणी केली नाही, हे वहीखेरीज कोठेही दिसणार नाही. प्रत्येक निकषाला तिन्ही पुरावे असलेच पाहिजेत असा आग्रह नको. परंतु एखाद्या निकषापुढे तिन्ही रकाने कोरे राहिले, तर त्यावर निर्णय देण्याचा आपणास अधिकार नाही, हे ध्यानात ठेवावे.

काही निकष 'थांबा-निकष' म्हणून आधीच वेगळे काढावेत. ज्यांत चूक झाली की माणसाच्या जिवाला, खाणाऱ्याच्या ताटाला किंवा शेजारच्या पिकाला धोका पोहोचतो ते हे निकष. वरील सातांपैकी संरक्षण व वारा, मोजमाप व मात्रा, आणि विल्हेवाट हे तीन मी थांबा-निकष मानतो. यांपैकी एकही पुरा झाला नाही तर बाकीचे सहा कितीही चांगले असोत, निकाल 'सक्षम' असा येत नाही.

आपल्या देशातील कौशल्य परिषदांच्या पात्रता-पत्रकांत प्रत्येक निकषाला लेखी व प्रात्यक्षिकाचे गुण वाटून दिलेले असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी एक किमान टक्केवारी ठरलेली असते. गुणांची ही पद्धत शेकडो उमेदवारांच्या दृष्टीने सोयीची आहे. तरी केवळ एकूण टक्केवारी पाहिली तर थांबा-निकषातील उणीव बेरजेखाली दडून जाऊ शकते. ब्रिटनमध्ये हातपंपाने फवारणी करणाऱ्याला पाया-ज्ञानाची परीक्षा वेगळी आणि प्रत्यक्ष कामाची चाचणी वेगळी उत्तीर्ण व्हावी लागते; एकातील जादा गुण दुसरीकडे वळवता येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक शिक्षणात तर गुणांऐवजी 'सक्षम' आणि 'अद्याप सक्षम नाही' असे दोनच निकाल देतात. यातील 'अद्याप' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

एक उदाहरण

आता हे सर्व एका प्रशिक्षणार्थ्याच्या बाबतीत कसे लागू होते ते पाहू. उदाहरण समजण्यासाठी घेतले आहे आणि आकडे सोपे ठेवले आहेत, परंतु असा मुलगा आपणापैकी अनेकांच्या शेतावर येऊन गेला असेल.

वीस-एकवीस वर्षांचा हा मुलगा मिरचीच्या शेतात वडिलांबरोबर लहानपणापासून राबलेला आहे. त्याच्या वहीत जुलै ते ऑक्टोबर या काळातील चौदा फवारण्यांच्या नोंदी आहेत. तारीख, प्लॉट, औषध, कीड, वापरलेली साधने हे सारे व्यवस्थित लिहिले आहे. वहीला शंभरपैकी 82 गुण पडले. लेखी परीक्षेत 88 गुण मिळाले. निरीक्षणाच्या दिवशी त्याने संरक्षक कपडे घातले, वाऱ्याची दिशा पाहिली, पोकळ शंकूचे नोझल निवडले आणि सरीमागून सरी नीट फवारली. पण पंपाचे मोजमाप केले नाही. तेथे गुण कापून 70 दिले. तिन्हींची सरासरी 80 येते. 70 टक्क्यांची अट धरली तर मुलगा उत्तीर्ण झाला आणि प्रमाणपत्र घेऊन घरी गेला.

आता तोच पुरावा निकषांच्या कागदावर मांडून पाहू. चौथ्या निकषापुढे, म्हणजे मोजमाप व मात्रा यापुढे, तीन रकान्यांत तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. परीक्षेत त्याने हे गणित अचूक सोडविले आहे. वहीत पाच ठिकाणी 'पंपाचे मोजमाप केले, एकरी 120 लिटर पाणी' असे लिहिले आहे. निरीक्षणात मात्र त्याने मोजमाप न करताच टाकीत औषध ओतले. पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी सरासरी काढू नये. न जुळण्याचे कारण शोधावे.

प्रथम 120 लिटर हा आकडा कोठून आला ते पाहावे लागेल. पंपाचे मोजमाप करण्याची रीत अशी : टाकीत स्वच्छ पाणी भरून नोझलमधून एका मिनिटात पडणारे पाणी मोजपात्रात धरावे. शेतात दोन खुंट्या 20 मीटर अंतरावर ठोकून फवारणीच्या नेहमीच्या चालीने ते अंतर चालण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. मग फवाऱ्याचा पट्टा किती रुंद पडतो ते मोजावे. केंद्राच्या प्रक्षेत्रावरील हातपंपातून मिनिटाला 600 मिलिलिटर पाणी पडत होते. 20 मीटरला 30 सेकंद लागले, म्हणजे चाल मिनिटाला 40 मीटर. पट्टा अर्धा मीटर. याचा अर्थ मिनिटाला 20 चौरस मीटर क्षेत्र फवारले जाते. एकर सुमारे 4000 चौरस मीटरचा धरला, तर 200 मिनिटे आणि 120 लिटर पाणी लागते. 16 लिटरच्या टाकीने हे साडेसात टाक्या होते. लेबलावर एकरी 100 मिलिलिटर औषध सांगितले असेल, तर प्रत्येक टाकीत सुमारे 13 मिलिलिटर घालावयाचे.

केंद्रातील हातपंपासाठी हा हिशेब बरोबर होता. परंतु सरावाच्या शेतावर बॅटरीचा पंप होता. मूल्यमापकाने निरीक्षण संपल्यावर त्याच पंपात पाणी भरून मिनिटाचे माप घेतले, तेव्हा ते 900 मिलिलिटर भरले. चाल व पट्टा तेवढाच धरला तरी एकराला आता 180 लिटर, म्हणजे सव्वाअकरा टाक्या लागतात. मुलगा मात्र प्रत्येक टाकीत पूर्वीप्रमाणेच 13 मिलिलिटर घालीत होता. त्यामुळे एकरी 100 ऐवजी जवळजवळ 150 मिलिलिटर औषध पडत होते. मात्रा दीडपट झाली होती आणि ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांना कोठेही दिसत नव्हती. फवारणी तर छानच चालली होती.

दीडपट मात्रेचे परिणाम आपण जाणता. औषधाचा खर्च वाढतो आणि फवारणाऱ्याच्या अंगावर जास्त विष येते. शिवाय लेबलावरील प्रतीक्षा काळ हा लेबलावरील मात्रेसाठीच ठरविलेला असतो. मात्रा दीडपट केली तर तेवढे दिवस थांबूनही लाल मिरचीत औषधाचा अंश मर्यादेबाहेर राहू शकतो.

वही कशी तपासावी

आता वहीतील त्या पाच नोंदींचे काय? मूल्यमापकाने वहीतील दोन-तीन पाने उघडून मुलाला शांतपणे विचारावे. उदाहरणातील संवाद असा झाला असता :

"हे 120 लिटर कसं काढलंस रे? त्या दिवशी मिनिटाला किती पाणी पडलं होतं?"

"सर, ते पहिल्याच आठवड्यात फळ्यावर काढून दिलं होतं. तेच लिहिलं."

"मग पंप बदलल्यावर?"

"पंप बदलला की आकडा बदलतो, हे गणितात माहीत होतं सर. शेतात ध्यानात नाही आलं."

मुलगा खोटे बोलत नाही. त्याने 'मोजमाप केले' म्हणजे 'सांगितलेला आकडा वापरला' असा अर्थ धरला. तरीही त्या पाच नोंदी मोजमापाचा पुरावा ठरत नाहीत. त्या फळ्यावरील एका गणिताच्या पाच प्रती आहेत.

अशी वही ओळखण्याची एक खूण आहे. खरी नोंद ओबडधोबड असते. पाचही वेळा बरोबर 120 असे येत नाही. कधी 114 येते, कधी 126. नोझलचे छिद्र वापराने झिजते आणि पाणी हळूहळू जास्त पडू लागते. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक पाणी पडू लागले तर नोझल बदलावे असा संकेत आहे. म्हणून महिन्यागणिक थोडे चढत गेलेले आकडे दिसले तर मूल्यमापकाला उलट बरे वाटते. पावसाने थांबविलेली फवारणी, टाकीत उरलेले अर्धा लिटर द्रावण, वारा सुटला म्हणून परत आलेला दिवस अशा नोंदी असलेली वही विश्वासाची. सर्व पाने एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेली दिसली तर प्रश्न विचारावेत.

येथे आपल्या सहीचा संबंध येतो. या वहीत नऊ ठिकाणी शेतकऱ्याने 'काम चांगले' असे लिहून सही केली आहे. सद्‌भावनेने लिहिले, परंतु त्यातून मूल्यमापकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी 'आज 30 गुंठ्यांत आठ टाक्या लागल्या' एवढे जरी लिहिले असते तरी गोम तेव्हाच उघडी पडली असती. 30 गुंठे म्हणजे पाऊण एकर. एकरी 120 लिटरप्रमाणे तेथे साडेपाच-सहा टाक्या पुरावयास हव्या होत्या. औषधाची बाटलीही हेच सांगते. एक लिटरची बाटली एकरी 100 मिलिलिटरप्रमाणे दहा एकरांना पुरावयास हवी. ती साडेसहा एकरांच्या आसपासच संपत असेल तर मात्रा जास्त पडत आहे. हे दोन आकडे आपल्याकडे असतात, मूल्यमापकाकडे नसतात. सही करण्यापूर्वी क्षेत्र, टाक्यांची संख्या आणि वापरलेले औषध ही तीन मापे लिहावीत आणि जे आपण स्वतः पाहिले नाही त्यावर सही करू नये. जावयाचा मित्र आहे, ओळखीतला आहे म्हणून केलेली सही पुढे त्याच मुलाच्या अंगावर येते.

निर्णय

सर्व रकाने पुन्हा पाहिले तर या मुलाबाबत असे दिसते. लेबल वाचणे, संरक्षण व वारा, पंप व नोझलची तपासणी, फवारणीची चाल, विल्हेवाट आणि नोंद या सहा निकषांवर पुरावा पुरेसा व एकमेकांशी जुळणारा आहे. मोजमाप व मात्रा या थांबा-निकषावर ज्ञान आहे, परंतु शेतावर ते वापरल्याचा एकही पुरावा नाही; उलट न वापरल्याचा प्रत्यक्ष पुरावा आहे. म्हणून संपूर्ण कामाचा निकाल : अद्याप सक्षम नाही.

हा निकाल लिहिण्याची पद्धत आहे. 'प्रात्यक्षिक असमाधानकारक' असे मोघम लिहिल्यास मुलाला काय करावे हे कळत नाही आणि त्याने हरकत घेतल्यास मूल्यमापकाजवळही उत्तर राहत नाही. पुढीलप्रमाणे लिहावे : 'सातपैकी सहा निकष पूर्ण. निकष 4 अपूर्ण. निरीक्षणाच्या दिवशी बॅटरीच्या पंपाचे मोजमाप न करता केंद्रातील हातपंपासाठी काढलेली मात्रा वापरली. प्रत्यक्ष माप मिनिटास 900 मिलिलिटर आढळले. वहीतील पाच नोंदी स्वतंत्र मोजमापाच्या नाहीत. लेखी परीक्षेतील गणित बरोबर.' यात प्रशिक्षणार्थ्याच्या स्वभावाविषयी, आळसाविषयी एक शब्दही नाही. जे पाहिले तेवढेच आहे. कागद त्याला वाचून दाखवावा, त्याचे म्हणणे खाली लिहावे आणि मग त्याची सही घ्यावी. निकाल मान्य नसेल तर दुसऱ्या मूल्यमापकाकडून तपासणी मागता येते, हेही त्याच वेळी सांगावे.

'नापास' आणि 'अद्याप सक्षम नाही' यांत नावापुरता फरक नाही. नापास मुलगा पुन्हा सगळी परीक्षा देतो. येथे पुरे झालेले सहा निकष जमा राहतात. फक्त चौथ्या निकषाचा नवा पुरावा मागितला जातो. मात्र जमा पुरावा कायमचा नसतो. वर्ष-दोन वर्षे हातात पंपच घेतला नाही तर जुनी वही आजच्या कामाची साक्ष देऊ शकत नाही आणि निरीक्षण पुन्हा घ्यावे लागते.

मधल्या काळात हा मुलगा आपल्याकडे कामाला असेल तर त्याला घरी बसविण्याचे कारण नाही. फवारणी त्याने करावी; औषध मोजून टाकीत घालण्याचे काम जाणत्या माणसाच्या समोर व्हावे. निकालाच्या कागदावर ही मुभा व ही मर्यादा दोन्ही लिहून द्यावीत. त्यामुळे मुलाची मजुरी बुडत नाही आणि आपले पीकही धोक्यात येत नाही.

कधी पुरावा उलट्या बाजूने अपुरा असतो

वरील उदाहरणात परीक्षा चांगली व हात कच्चा होता. आपल्या जिल्ह्यात याच्या उलट प्रकारही पुष्कळ आढळतो. अक्राणी, अक्कलकुवा किंवा तळोदा भागातील एखाद्या मुलाच्या घरात पावरी किंवा भिली बोलली जाते. त्याचा हात वाकबगार असतो, परंतु पुस्तकी मराठीतील लेखी प्रश्नपत्रिका पाहून तो गोंधळतो आणि चाळीसपैकी पंधरा उत्तरेच बरोबर येतात. अशा वेळी त्याला विषय समजत नाही की प्रश्नाची भाषा समजत नाही, हे प्रथम पाहावे. तेच प्रश्न शेतात, झाड समोर ठेवून, त्याच्या बोलीत विचारावेत. पान वर वळले आहे की खाली, हे दाखवून किडीचे नाव विचारावे. पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे आणि खाली वळली तर कोळी, हे त्याने सांगितले आणि कोळ्यावर साधे कीटकनाशक का चालत नाही हेही सांगितले, तर त्याचे ज्ञान सिद्ध झाले. तोंडी घेतलेले प्रश्न व त्याची उत्तरे लिहून ठेवावीत, म्हणजे तो लेखी परीक्षेइतकाच पुरावा होतो.

सवलत मात्र भाषेची द्यावी, कामाची नाही. बाटलीवरील मात्रेचा आकडा, त्रिकोणाचा रंग आणि प्रतीक्षा काळाचे दिवस त्याला स्वतःला वाचता आलेच पाहिजेत, कारण शेतात एकटा असताना ते वाचून दाखवणारा कोणी नसेल. हे वाचता येत नसेल तर तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळूनही पहिला निकष अपुरा राहतो.

आणखी एक प्रकार सांगावासा वाटतो. निरीक्षणासाठी ठरलेल्या दिवशी सकाळी वारा सुटलेला असतो. मूल्यमापक लांबून आलेला, शेतकरी थांबलेला, आणि मुलगा म्हणतो, "साहेब, आज फवारता येणार नाही." अशा वेळी चरफडून, 'थोडेसे तरी करून दाखव' असा आग्रह धरू नये. वाऱ्याच्या निकषावर याहून चांगला पुरावा मिळणार नाही. तो त्या रकान्यात लिहावा आणि दुसरी तारीख घ्यावी.

पुनर्मूल्यमापन

आपल्या उदाहरणातील मुलाला तीन आठवड्यांचा अवधी दिला, असे समजू. त्याला एक मोजपात्र, दोन खुंट्या व 20 मीटर दोरी दिली आणि तीन वेगवेगळ्या पंपांचे मोजमाप तीन वेगवेगळ्या दिवशी घेऊन प्रत्येक वेळचे मिनिटाचे पाणी, चाल, पट्टा आणि टाकीमागे मात्रा वहीत लिहिण्यास सांगितले. शेजारी शेतकऱ्याने टाक्यांची संख्या आपल्या हाताने लिहावयाची.

फेरतपासणी त्याच पंपावर, त्याच शेतात घेऊ नये. तसे केल्यास 900 हा नवा पाठ केलेला आकडा ऐकावयास मिळेल. पंप निराळा द्यावा. नोझल मुद्दाम झिजलेले लावावे. लेबलावरील मात्राही वेगळी असावी. मूल्यमापकाने पहिल्या निकालाचा कागद वाचलेला असावा, परंतु शक्य असल्यास तो दुसरा असावा. मुलाला मोजमापाची आठवण करून देऊ नये. 'हा प्लॉट, ही बाटली, हा पंप, सुरू कर' एवढेच म्हणावे. त्याने न सांगता पाणी भरले, मिनिट मोजले, खुंट्या ठोकल्या, आलेला आकडा वहीतील मागच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि "हे नोझल झिजलंय सर, पाणी जास्त पडतंय, बदलायला लागेल" असे म्हटले, तर चौथ्या निकषापुढे तिन्ही रकाने भरले. मग कागदावर जुन्या निकालाखाली नवी तारीख घालून 'सक्षम' असे लिहावे. जुना निकाल खोडू नये. दोन्ही नोंदी एकाच कागदावर राहू द्याव्यात आणि त्याची एक प्रत ज्या शेतकऱ्याने टाक्या मोजून लिहिल्या त्याच्याकडेही द्यावी.